पाऊसपाणी उपक्रमाचे नाव: चार वस्त्यांना आपले वाटेल असे कसे ठरवावे?

नवी_पन्हळ

आमच्या शहरातील चार वस्त्यांमध्ये छतावरचे पावसाचे पाणी साठवण्याचे आणि जमिनीत मुरवण्याचे काम या वर्षी एकत्रितपणे सुरू होत आहे. कामाचा आराखडा ठरला आहे. प्रत्येक घराने शक्य असेल तेथे टाकी बसवावी, टाकी भरल्यानंतरचे पाणी गल्लीतील शोषखड्ड्यात सोडावे आणि प्रत्येक वस्तीने आपापल्या खड्ड्यांची देखभाल करावी, इतके सर्वांना मान्य आहे. अडले आहे ते नावावर.

आतापर्यंत तीन नावे पुढे आली आहेत. समन्वय समितीतील काही ज्येष्ठांनी ‘जलसमृद्धी अभियान’ सुचवले. जुन्या पेठेत एक मोठी सार्वजनिक विहीर आहे, म्हणून पेठेतील लोक ‘आपली विहीर’ या नावासाठी आग्रही आहेत. शाळेतील मुलांच्या बैठकीतून ‘पागोळी’ हे तिसरे नाव आले. वरच्या आळीतील रहिवासी मात्र म्हणतात की पाणी आम्ही मुरवायचे, ते उतरून खालच्या वस्त्यांच्या विहिरींना जायचे, आणि वर त्या विहिरीचेच नाव आमच्या भिंतीवर लावायचे, हे आम्हाला पटत नाही. उरलेल्या दोन वस्त्या, म्हणजे नदीकाठ आणि नवी वसाहत, यांनी अजून मत दिलेले नाही.

नाव कोणते असावे याइतकेच ते कसे ठरवावे हेही मला विचारायचे आहे, कारण सध्याच्या चर्चेवरून असे दिसते की कोणतेही नाव निवडले तरी तीन वस्त्यांना ते चौथीचे वाटेल.

ठाम_मत

यात एवढा विचार करण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. चारही वस्त्यांमध्ये घरटी एक मत घ्यावे आणि ज्या नावाला सर्वाधिक मते मिळतील ते जाहीर करावे. लोकांनी स्वतः मत दिले की नाव आपोआप त्यांचे होते. समितीने बंद खोलीत ठरवलेले नाव कधीच लोकांचे होत नाही, हे आपण अनेक योजनांच्या बाबतीत पाहिले आहे.

छत_ते_टाकी

चर्चा वाचून आनंद झाला. मला नेमका याच विषयावर प्रश्न विचारायचा होता. आमच्या इमारतीच्या टाकीत पहिल्या पावसानंतर पाण्याला वास येतो आणि तळाशी काळपट गाळ बसतो. वाळू आणि खडीचे गाळणे बसवले आहे, तरीही हा त्रास आहे. गाळण्याची जाडी वाढवावी का?

भूजल_वाचक

‘छत_ते_टाकी’ यांना आधी थोडक्यात उत्तर देतो, कारण त्यांचा प्रश्न दिसतो तितका विषयाबाहेरचा नाही. दोष बहुधा गाळण्याचा नसून पहिले पाणी बाजूला न काढण्याचा आहे. कोरड्या महिन्यांत छतावर साचलेली धूळ, पाने आणि पक्ष्यांची विष्ठा पहिल्या सरीबरोबर खाली येते. छताच्या प्रत्येक चौरस मीटरमागे किमान अर्धा ते एक लिटर पाणी सुरुवातीला वाहून जाऊ द्यावे, म्हणजे 100 चौरस मीटर छतासाठी 50 ते 100 लिटर. छत फार मळलेले असेल तर त्याहून अधिक. त्यासाठी उभ्या नळाला खाली झाकण असलेली एक वेगळी शाखा काढता येते. ती भरली की पुढचे पाणी टाकीकडे वळते, आणि पाऊस थांबल्यावर झाकण उघडून ती रिकामी करायची. ती रिकामी करायला विसरले तर पुढच्या वेळी तिचा काहीही उपयोग होत नाही, आणि बहुतेक ठिकाणी नेमके तेथेच घोडे पेंड खाते.

आता नावाकडे वळतो. वरच्या आळीची तक्रार भावनेपोटी केलेली आहे असे समजू नये, कारण तिच्यामागे पाण्याची चाल आहे. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. समजा वरच्या आळीतील एका घराचे छत 100 चौरस मीटर आहे आणि एका दिवसात 20 मिलिमीटर पाऊस पडला. छतावर 2000 लिटर पडले. पहिले सोडलेले पाणी, भिजण्यात जाणारे आणि उडून जाणारे पाणी वजा करून त्यातील साधारण आठ दशांश हाती येते असे धरू, म्हणजे 1600 लिटर. घराची टाकी 1000 लिटरची आणि सकाळी रिकामी असेल, तर ती भरून 600 लिटर शोषखड्ड्यात जातील. त्यानंतर सलग पाऊस राहिला आणि टाकी भरलेलीच असेल, तर जवळजवळ सगळेच पाणी खड्ड्यात जाईल.

टाकीतले 1000 लिटर त्या घराचे आहेत आणि त्याबद्दल कोणाचा वाद नाही. खड्ड्यात गेलेले पाणी मात्र तेथे थांबत नाही. ते झिरपत भूजलापर्यंत पोहोचते आणि भूजल सामान्यतः उताराच्या दिशेने हळूहळू सरकते. त्यामुळे उंचावरच्या वस्तीने मुरवलेल्या पाण्याचा परिणाम अनेकदा सखल भागातील विहिरींच्या पातळीत आधी दिसतो. वरच्या आळीतील लोकांनी हे अचूक ओळखले आहे. अशा स्थितीत त्यांच्या भिंतीवर ‘आपली विहीर’ लिहिणे म्हणजे देणाऱ्याच्या दारावर घेणाऱ्याची पाटी लावण्यासारखे आहे.

म्हणून नाव निवडण्यापूर्वी या उपक्रमात चारही वस्त्यांमध्ये खरोखर सामाईक काय आहे, हे विचारावे. विहीर सामाईक नाही आणि टाकीही नाही. पाऊस सर्वांवर पडतो, छतावरून पाणी उतरवण्याची कृती सर्व जण करतात आणि जमिनीखालचे पाणी सर्वांना जोडते. माझ्या मते नाव या तिघांपैकी एकाचे असावे.

ठाम_मत

परंतु पेठेतील लोकांच्या मनात त्या विहिरीबद्दल आपुलकी आहे. आपुलकी असलेली वस्तू सोडून अमूर्त नाव घेतले तर ते कोणाचेच होणार नाही. जमिनीखालचे पाणी कोणाला दिसते?

भूजल_वाचक

डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूचे नाव लवकर रुजते, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. विहिरीच्या नावात मात्र आणखी एक धोका आहे. कठीण खडकाच्या प्रदेशात पाणी भेगांमधून चालते आणि भेगा आपल्या सोयीने नसतात. वरच्या खड्ड्यातील पाणी त्याच विहिरीत उतरेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. ते पाणी शेजारून निघून नदीलाही मिळू शकते. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला आणि विहीर लवकर आटली, तर ज्या वस्तूचे नाव उपक्रमाला दिले तीच रिकामी दिसेल. शोषखड्डे नीट चालत असूनही लोक म्हणतील की उपक्रम फसला. ज्या गोष्टीचे वचन आपण देऊ शकत नाही, ती नावात असू नये. ‘समृद्धी’ या शब्दालाही हीच हरकत आहे.

जुनी_साशंक

मला या संपूर्ण चर्चेची दिशाच चुकलेली वाटते. नावामुळे आपलेपणा निर्माण होत नाही. तो हातांनी निर्माण होतो आणि नाव मागून चिकटते.

ब्राझीलच्या ईशान्येकडील अर्धशुष्क प्रदेशात 2003 पासून ‘दहा लाख टाक्या’ या अर्थाच्या नावाचा कार्यक्रम चालला. घराच्या छतावरचे पाणी साठवणारी 16,000 लिटरची सिमेंटच्या पट्ट्यांची टाकी, असे त्याचे स्वरूप होते. नाव पाहिले तर अगदी रूक्ष आहे, नुसते उद्दिष्ट. तरीही लोकांनी त्या टाक्या आपल्या मानल्या, कारण खड्डा खणण्यात कुटुंबाचा हातभार असे आणि स्थानिक गवंड्यांना टाकी बांधण्याचे प्रशिक्षण दिले जाई. पुढे 2011 मध्ये सरकारने कारखान्यात तयार झालेल्या प्लास्टिकच्या टाक्या वाटण्याचे ठरवले, तेव्हा ज्या संघटनांनी हा कार्यक्रम उभा केला होता त्यांनीच रस्त्यावर येऊन विरोध केला. पाणी तेच, आकारमानही जवळपास तेच, परंतु प्लास्टिकच्या टाकीत त्यांचा हात नव्हता. या उदाहरणात नावाचे श्रेय किती धरायचे?

म्हणून माझा सल्ला असा की एक पावसाळा कोणतेही नाव देऊ नये. अर्जावर आणि पावतीवर लिहिण्यासाठी ‘पाऊसपाणी संकलन समिती’ असे साधे वर्णन पुरेसे आहे. लोक आपसात त्या खड्ड्यांना आणि नळांना काय म्हणू लागतात ते ऐकावे. जे तोंडी रुळेल तेच नाव.

भूजल_वाचक

ब्राझीलच्या उदाहरणातून निघणारा निष्कर्ष मला मान्य आहे, परंतु तो पूर्ण नाही. तेथे प्रत्येक कुटुंबाची टाकी वेगळी होती आणि तिचा उपयोग त्याच कुटुंबाला होता. येथे शोषखड्डा सामाईक आहे आणि उपयोग दुसऱ्याच वस्तीत दिसण्याची शक्यता आहे. अशा कामात जोडणारा एखादा शब्द अधिक लागतो.

याच्या जवळ जाणारे उदाहरण टोकियोच्या सुमिदा भागातील आहे. तेथील दाट वस्तीच्या अरुंद गल्ल्यांमध्ये 1980 च्या दशकात शेजारच्या घरांच्या छतावरचे पाणी जमिनीखालच्या टाकीत साठवून त्यावर हातपंप बसवण्यात आले. आग लागल्यास विझवण्यासाठी आणि एरवी झाडांना घालण्यासाठी ते पाणी वापरले जाते. त्याला नाव दिले ‘रोजिसोन’. गल्ली आणि आदर या दोन अर्थांची जोड त्यात आहे. त्यात ना पाणी आहे ना टाकी. छत एकाचे, पंप दुसऱ्याच्या दारासमोर आणि उपयोग सर्वांचा, अशा परिस्थितीत त्यांनी जे खरोखर सर्वांचे होते त्याचेच, म्हणजे गल्लीचे नाव घेतले.

अक्षर_पाटी

मी पाट्या रंगवण्याचे आणि छपाईचे काम करते, त्यामुळे नाव भिंतीवर गेल्यानंतर त्याचे काय होते हे नेहमी पाहते. माझ्या अनुभवात दोन परीक्षा फार उपयोगी पडतात.

पहिली परीक्षा तक्रारीची. नाव घोषणेत कसे वाटते हे पाहू नये. घोषणेत सगळीच नावे चांगली वाटतात. ते तक्रारीच्या वाक्यात घालून पाहावे. ‘आमच्या गल्लीतली पागोळी तुंबली आहे, कोणीतरी या’ हे वाक्य सहज बोलता येते. ‘आमच्या गल्लीतले जलसमृद्धी अभियान तुंबले आहे’ असे कोणीही म्हणणार नाही. तेथे माणूस म्हणेल की ‘तुमच्या त्या योजनेचा खड्डा तुंबला आहे’. म्हणजे अवघड नाव गळून पडले आणि त्याच्या जागी ‘तुमची योजना’ आली. तक्रारवहीत लोक ‘आमचे’ लिहितात की ‘तुमचे’, हे वर्षभर पाहिले तर नाव रुजले की नाही हे वेगळे विचारावे लागत नाही.

दुसरी परीक्षा थट्टेची. नाव जाहीर होण्यापूर्वी गावातील सर्वांत तिरकस माणसाला ते ऐकवावे. एका बैठकीत ‘मुरवण’ हा शब्द पुढे आला होता. अर्थाने अचूक होता. परंतु पहिल्याच दिवशी कोणीतरी हिशेब मागताना म्हणाले की ‘येथे कोठेतरी पाणी मुरते आहे’, आणि त्यानंतर त्या नावाचे काही खरे राहिले नाही. ‘जिरवा’ या शब्दाचेही तसेच. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आपल्याकडे घरोघरी पोहोचली ती तिच्या नादामुळे आणि त्यात पाणी हा शब्द सोबत असल्यामुळे. एकटे ‘जिरवा’ ठेवले तर कोणाची तरी जिरवल्याचा वास येतो.

नवी_पन्हळ

तक्रारीची परीक्षा आम्ही नक्की करू. ‘जुनी_साशंक’ यांची सूचना मला पटते, परंतु एक अडचण आहे. शोषखड्ड्यांजवळ सूचनाफलक पहिल्याच पावसाळ्यात लावावे लागणार आहेत, कारण फलक नसेल तर लोक त्यात सांडपाणी सोडतात आणि मग भूजलच बिघडते. फलकावर काही ना काही नाव लिहावेच लागेल.

भूजल_वाचक

फलकावर उपक्रमाच्या नावापेक्षा खड्ड्याची ओळख महत्त्वाची आहे. ‘वरची आळी, खड्डा 3, फक्त पावसाचे पाणी’ इतके लिहिले तरी पहिला पावसाळा निभावेल. सांडपाण्याबद्दल तुम्ही जे लिहिले ते नावाच्या प्रश्नाशीही जोडलेले आहे. एका घराने खड्ड्यात मोरीचे पाणी सोडले तर दोष त्या घराचा असतो, परंतु खालच्या विहिरीला वास आला की संपूर्ण उपक्रम बदनाम होतो. चारही वस्त्यांचे नाव एकच असेल तर बदनामीही एकच होते. म्हणून एकच नाव सर्वत्र चिकटवण्यापेक्षा दोन भागांचे नाव मला अधिक योग्य वाटते. सामाईक भाग सर्वांचा आणि पुढचा भाग ज्या त्या वस्तीने स्वतः निवडलेला. म्हणजे खालच्या विहिरीत बिघाड दिसला, तर कोणत्या वस्तीकडे पाहायचे हेही कळते आणि सगळे मिळून एक आहोत हेही राहते.

तेलंगणातील तलाव-दुरुस्तीच्या कामाला अधिकृत नाव ‘मिशन काकतीय’ होते. तलाव बांधणाऱ्या जुन्या राजवंशाचे ते नाव असल्यामुळे त्याला इतिहासाचे वजन होते. परंतु त्याच्या जोडीला ‘मन ऊरु, मन चेरुवु’ हे वाक्यही वापरले गेले, म्हणजे आपले गाव, आपला तलाव. मोठे नाव राज्यासाठी आणि छोटे नाव गावासाठी. प्रत्येक गावाने ‘आपला’ म्हटल्यावर तो वेगळा तलाव होतो, तरी वाक्य एकच राहते. छत आणि खड्डे यांच्या बाबतीत हे आणखी सोपे आहे.

भाड्याच्या_घरातून

इतका वेळ वाचत होतो. सगळी चर्चा छताची चालली आहे आणि ज्यांना छत नाही त्यांचा उल्लेख कोठेच नाही. मी भाडेकरू आहे. नवी वसाहत जर माझ्या वस्तीसारखी असेल, तर तेथेही बरीच कुटुंबे भाड्याने राहत असतील. छत मालकाचे, टाकी मालकाची, नळ मालकाच्या परवानगीने. ‘माझे छत’ किंवा ‘पागोळी’ या नावांनी आम्हाला काय वाटावे? उद्या घर बदलले तर ती पागोळीही गेली. आम्ही या उपक्रमात नेमके कोण आहोत?

जुनी_साशंक

हा आतापर्यंतचा सर्वांत चांगला प्रश्न आहे.

भूजल_वाचक

खरे आहे, आणि माझ्याकडे त्याचे अर्धेच उत्तर आहे. छताशिवायही या कामात एक भूमिका आहे आणि ती छताच्या भूमिकेइतकीच आवश्यक आहे. प्रत्येक वस्तीतील एक-दोन विहिरींची पाणीपातळी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजावी लागते. विहिरीच्या काठावर एक खूण ठरवून तेथून पाण्यापर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजायचे आणि फळ्यावर लिहायचे. प्रत्येक वेळी त्याच खुणेवरून आणि उपसा थांबवून काही तासांनी मोजले तरच आकड्यांची तुलना करता येते. पंप नुकताच चालला असेल तर पातळी खोल दिसते आणि उगाच घबराट होते. हे काम भाडेकरू करू शकतात, विद्यार्थी करू शकतात. तरीही नावात छत असेल तर हे लोक नावाबाहेर राहतात, हे तुमचे म्हणणे मला मान्य करावे लागेल.

ठाम_मत

मग मतदानात भाडेकरूंनाही मत द्यावे म्हणजे प्रश्न सुटला. मी पहिल्यापासून तेच म्हणतो आहे.

अक्षर_पाटी

मत सर्वांना द्यावे, यात दुमत नाही. परंतु मतदान कोणत्या पद्धतीने घ्यावे यावर सगळे अवलंबून आहे. एक काल्पनिक हिशेब मांडते.

समजा चार वस्त्यांत मिळून 1000 कुटुंबे आहेत. जुन्या पेठेत 400, नव्या वसाहतीत 250, नदीकाठी 200 आणि वरच्या आळीत 150. प्रत्येक कुटुंबाने एकाच नावाला मत द्यायचे ठरवले. पेठेतील 360 कुटुंबांनी ‘आपली विहीर’ला मत दिले आणि इतर तिन्ही वस्त्यांतून मिळून तिला 40 मते पडली. एकूण 400. उरलेल्या 600 मतांपैकी ‘पागोळी’ला 350 आणि ‘जलसमृद्धी’ला 250 मिळाली. विहीर जिंकली. परंतु पेठेबाहेरच्या 600 कुटुंबांपैकी केवळ 40 कुटुंबांना ती हवी होती. ‘ठाम_मत’ यांच्या पद्धतीने हा निकाल पूर्णपणे न्याय्य आहे आणि तीन वस्त्यांत नाव पहिल्या दिवसापासून परके आहे.

आता प्रश्नच बदलून पाहा. ‘तुम्हाला कोणते नाव आवडते’ असे न विचारता ‘यांपैकी कोणकोणती नावे तुमच्या दाराजवळच्या भिंतीवर लावायला तुमची हरकत नाही’ असे विचारा आणि हव्या तितक्या नावांवर खूण करू द्या. नंतर एकूण बेरीज करण्याऐवजी प्रत्येक वस्तीची टक्केवारी वेगळी काढा. समजा ‘आपली विहीर’ला पेठेत 95 टक्के मान्यता आहे आणि वरच्या आळीत 12. ‘पागोळी’ला पेठेत 62, नव्या वसाहतीत 55, नदीकाठी 66 आणि वरच्या आळीत 70. पहिल्या नावाची सर्वांत कमी मान्यता 12 टक्के, दुसऱ्याची 55. ज्या नावाची सर्वांत कमी मान्यता सर्वांत जास्त असेल ते घ्यावे. कोणाचेही अत्यंत लाडके नसले तरी चालेल, कोणालाही नकोसे नसावे.

ठाम_मत

याचा अर्थ 150 कुटुंबांची आळी 400 कुटुंबांच्या पेठेला अडवू शकते. याला लोकांचा निर्णय म्हणावे का?

अक्षर_पाटी

अडवू शकते, हे खरे आहे. एखादी वस्ती ठरवून सगळ्या नावांना नकार देऊ लागली तर ही पद्धत कोलमडते, आणि त्यावर माझ्याकडे निश्चित उपाय नाही. फार तर असे करता येईल की नकार देणाऱ्या वस्तीने पर्यायी नावही सुचवलेच पाहिजे. परंतु नाव हे कर नाही की बहुमताने लावले आणि वसूल केले. ज्या भिंतीवर ते नको असेल तेथे त्याच्यावर चुना फासला जातो. ते मी पाहिले आहे.

छत_ते_टाकी

झाकणाची शाखा बसवली. उत्तराबद्दल आभार. चर्चा वाचता वाचता मलाही एक नाव सुचले, ‘पहिली सर’. पहिली सर सोडून द्यायची हे सर्वांच्या लक्षात राहील.

भूजल_वाचक

सूचना गमतीची आहे आणि तिचा उपयोगही आहे, परंतु नावात नेमकी तीच सर येईल जी आपण टाकून देतो. हे नाव त्या झाकणाच्या शाखेला द्यावे. सुट्या भागांना अशी नावे मिळाली की ते रिकामे करायची आठवण राहते.

नवी_पन्हळ

कालच्या बैठकीत आपले सर्व मुद्दे मांडले. काही गोष्टी ठरल्या. या पावसाळ्यापुरते फलकावर वस्तीचे नाव, खड्ड्याचा क्रमांक आणि ‘फक्त पावसाचे पाणी’ इतकेच असेल. पावसाळा संपल्यावर विहिरींच्या पातळीचे आकडे चारही वस्त्यांमध्ये एकत्र वाचून दाखवले जातील आणि त्याच बैठकीत ‘हरकत नाही’ पद्धतीने नाव निवडले जाईल. मत घरमालकाला न देता चुलीला द्यायचे ठरले, म्हणजे एका घरात मालक आणि दोन भाडेकरू कुटुंबे असतील तर तीन मते.

‘आपली विहीर’ हे नाव पेठेने मागे घेतले आहे. ते सहज झाले नाही. वरच्या आळीतील एका आजींनी विचारले की आमचे पाणी तुमच्याकडे येते हे तुम्ही फळ्यावर लिहाल का, आणि पेठेने ते मान्य केले. नावापेक्षा वरच्या आळीला ही नोंद हवी होती असे त्यानंतर माझ्या लक्षात आले. ‘पागोळी’वर मात्र नव्या वसाहतीचा आक्षेप कायम आहे. सपाट गच्चीच्या इमारतींत वाढलेल्या बऱ्याच मुलांनी पागोळ्या गळताना पाहिलेल्याच नाहीत, आणि भाडेकरूंचा मुद्दाही तेथे जोरात आला.

भूजल_वाचक

फळ्यावरची नोंद करताना शब्द जपून वापरावेत. ‘वरच्या आळीचे पाणी या विहिरीत येते’ असे लिहू नये, कारण ते सिद्ध झालेले नाही. ‘वरच्या आळीत इतके खड्डे चालू आहेत आणि या विहिरीची पातळी इतकी आहे’ अशा दोन ओळी शेजारी लिहाव्यात. एका वर्षाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये, कारण पाऊसच अधिक झाला असेल तर पातळी खड्ड्यांशिवायही वाढली असती. त्यासाठी प्रत्येक वर्षीच्या पातळीशेजारी त्या वर्षीचा एकूण पाऊसही लिहावा लागेल.

भाड्याच्या_घरातून

चुलीमागे मत ही गोष्ट चांगली झाली. माझी एक सूचना विचारासाठी ठेवतो. सामाईक नाव छताचे न घेता पावसाचे घ्यावे, जसे की ‘पाऊसवाटा’. पावसातला प्रत्येकाचा वाटा आणि पाणी जाण्याच्या वाटा, दोन्ही त्यात येतात. मालक असो वा भाडेकरू, वरचा असो वा खालचा, पाऊस सगळ्यांचा आहे.

अक्षर_पाटी

‘आमच्या गल्लीतला पाऊसवाटा तुंबला आहे’ हे वाक्य बोलून पाहिले. थोडे अडखळते, परंतु चालू शकेल. तिरकस माणूस मात्र विचारेल की वाटा म्हणजे कोणाला किती टक्के. हिशेबाचा फळा शेजारीच असेल तर हा प्रश्न उलट उपयोगीही पडेल. बैठकीत ‘पागोळी’बरोबर हेही नाव ठेवा.

जुनी_साशंक

दोन्ही ठेवा, परंतु त्याआधी एक गोष्ट ठरवा जी कोणीच विचारलेली नाही. पाचवी वस्ती दोन वर्षांनी सामील झाली तर तिला नाव बदलण्याचा अधिकार असेल का? नसेल तर तिच्यासाठी ते चार जणांनी आधीच ठरवलेले नाव असेल, आणि तुम्ही आज ज्या प्रश्नापाशी उभे आहात तेथेच ती उभी राहील.

नवी_पन्हळ

हे आम्ही ठरवलेले नाही. पुढचा भाग नव्या वस्तीने निवडावा इतके सोपे आहे. सामाईक भागाबद्दल समितीत आताच दोन मते आहेत. काहींच्या मते फलक, शिक्के आणि पावत्या दर दोन वर्षांनी बदलता येणार नाहीत. काहींच्या मते नव्या वस्तीलाही ‘हरकत नाही’ हा प्रश्न विचारावा आणि निम्म्याहून अधिक चुलींची हरकत असेल तर संपूर्ण निवड पुन्हा घ्यावी. पावसाळ्यानंतरच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा मुद्दा नावाच्या निवडीच्या आधी ठेवला आहे.